पावसाळ्यात खेळाचा तास बुडू नये म्हणून : शाळेच्या व्हरांड्यात पस्तीस मिनिटं काय करता येतं?

मृग बरसला, आर्द्रा गेली, आणि आता तरण्या पावसाने धरलंय. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड या पट्ट्यात पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडीप नसते. रानात रोप लावणीची घाई, आणि शाळेचं मैदान म्हणजे चिखलगुठ्ठा केलेलं वावर. अशा दिवसांत वेळापत्रकात लिहिलेला खेळाचा तास कुठे जातो, हे कोणत्याही पालकाने आपल्या पोराला विचारावं. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळतं, "बाईंनी पाढे लिहायला दिले."

यात बाईंची किंवा गुरुजींची चूक काढायची नाही. वाडी-वस्तीवरची शाळा दोन खोल्यांची, पुढे अरुंद व्हरांडा, आणि पहिली ते चौथीची सगळी मुलं मिळून पंचवीस-तीस. एवढ्या जागेत मुलं पळवली तर कुणी तरी खांबावर आपटणारच. म्हणून तास बंद होतो. जून ते सप्टेंबर असं धरलं तर वर्षातले जवळजवळ चार महिने मुलांचं अंग हलत नाही. घरीही बाहेर जाता येत नाही, त्यामुळे तिथेही बसूनच.

खरी अडचण जागेची आहे, पण ती आपण समजतो तशी नाही. आपण मैदानावरचे खेळ उचलून व्हरांड्यात आणतो आणि ते बसत नाहीत. व्हरांडा म्हणजे लहान मैदान नव्हे. त्याला वेगळा धडा लागतो. तो कसा बसवायचा, हे एका उदाहरणावर पायरीपायरीने पाहू.

आधी हिशेब : रांगेत उभं राहणं म्हणजे खेळ नव्हे

उदाहरणासाठी एक शाळा धरू. छत्तीस फूट लांब आणि सात फूट रुंद व्हरांडा, शेजारी पट्ट्यांवर बसायची एक मोकळी वर्गखोली, मुलं 26 आणि शिक्षक एकच. दुसरे गुरुजी कामासाठी केंद्रशाळेत गेलेत असं समजा. पावसाळ्यात असे दिवस बरेच येतात.

सहज सुचणारा खेळ म्हणजे दोन रांगा करायच्या आणि एकेकाने पळत जाऊन भिंतीला हात लावून परत यायचं. एका मुलाला जाऊन यायला साधारण बारा सेकंद लागतात. एका रांगेत 13 मुलं, म्हणजे आपली पाळी पुन्हा यायला 156 सेकंद. असा खेळ 26 मिनिटं चालवला तर एका मुलाच्या वाट्याला दहा पाळ्या येतात. दहा बारे एकशेवीस सेकंद, म्हणजे दोन मिनिटं. चोवीस मिनिटं मूल रांगेत उभं राहणार, पुढच्याला ढकलणार, खोड्या काढणार. वर पळत येऊन भिंतीपाशी थांबायचं असल्याने मनगट किंवा कपाळ भिंतीला लागायची भीती.

म्हणून व्हरांड्यातल्या धड्याचा पहिला नियम असा, की रांग नको. एका वेळी प्रत्येक मूल काही तरी करत असलं पाहिजे. दुसरा नियम, पळणं नको. वेग काढून घ्यायचा आणि त्या जागी तोल, झेल, उठबस आणि उडी आणायची. हे दोन नियम पाळले की छत्तीस फुटांचा व्हरांडा पुरतो.

फरशी, झड आणि खांब

धडा सुरू व्हायच्या आधी जागा तपासायची. शहाबादी फरशी असो की कोबा, पावसाळ्यात तिला ओल सुटते. वरून पाणी पडलं नसलं तरी फरशी घाम आल्यासारखी दिसते. त्याची परीक्षा सोपी आहे. कोरडा तळहात फरशीवर दाबून पुढे ढकलायचा. तळवा अडला तर चालेल. सर्रकन सरकला तर त्या दिवशी उड्या आणि लंगडी बंद, फक्त जागेवरचं आणि बसून करायचं घ्यायचं. कडेला हिरवट शेवाळ दिसत असेल तर ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं आणि धुऊन पूर्ण वाळू द्यायचं. शेवाळावर नुसतं पोतं टाकलं तर पोत्यासकट पाय घसरतो.

व्हरांड्याचं तोंड पश्चिमेला असेल तर झड थेट आत येते. तिथे ताडपत्री किंवा खताच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, शिवून केलेला पडदा खांबांना बांधता येतो. पडदा वर छपरापर्यंत नेऊ नये. वरची दीड-दोन फूट जागा मोकळी ठेवली तर उजेड येतो आणि हवाही खेळती राहते. ओल्या कपड्यांतली पंचवीस पोरं कोंडलेल्या जागेत दमली तर गुदमरतात.

खांबांना मुलांच्या डोक्याच्या उंचीपर्यंत, म्हणजे चार-साडेचार फुटांपर्यंत, पोत्याचे दोन-तीन वेढे देऊन सुतळीने घट्ट बांधायचं. चपला पायरीपाशीच ठेवायच्या आणि मुलांनी पोत्यावर पाय पुसून अनवाणी आत यायचं. पायमोजे घालून तर मुळीच नाही, गुळगुळीत फरशीवर मोजा निसटतो. कोपऱ्यातली पोती आणि चपलांचा ढीग रोज आधी काठीने हलवून बघावा. पावसाळ्यात कोरडी जागा विंचू आणि सापालाही हवी असते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

सामान : चिंचोक्याच्या पिशव्या

चेंडू व्हरांड्यात निरुपयोगी. तो उसळून अंगणात जातो आणि त्याच्यामागे मूल पावसात. त्याऐवजी चिंचोक्याची पिशवी करायची. जुन्या पँटचं जाड कापड घेऊन वीतभर चौकोनी पिशवी शिवायची आणि तिच्यात साधारण 100 ग्रॅम चिंचोके भरायचे. पिशवी ठासून भरायची नाही, तिसरा हिस्सा रिकामा ठेवायचा. म्हणजे ती हातात बसते, डोक्यावर ठेवली तर घसरत नाही आणि पडली की पडल्या जागी राहते. अशा चौदा पिशव्यांना दीड किलोच्या आत चिंचोके लागतात. आठवड्यातून एकदा ऊन पडेल तेव्हा पिशव्या वाळवायच्या, नाही तर आत बुरशी धरते आणि वास येतो.

दुसरं काम फरशीवर दोन रेघा. खडू ओल्या फरशीवर टिकत नाही आणि सुतळी अंथरली तर पायात येते. फरशी कोरडी असताना ऑइलपेंटने दोन बोटं रुंदीच्या रेघा मारून ठेवाव्यात. एक रेघ भिंतीपासून दोन फुटांवर, दुसरी बाहेरच्या कडेपासून दोन फूट आत. व्हरांडा सात फुटांचा असल्याने दोन रेघांमध्ये तीन फूट उरतात. लांबी तीस फूट. दोन्ही टोकं आडव्या रेघेने जोडली की लांबट चौकोन तयार होतो. त्याची एक फेरी 66 फुटांची होते. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

पस्तीस मिनिटांचा धडा

पहिली चार मिनिटं पाय पुसणं, वर्गातल्या पट्ट्या गुंडाळून ठेवणं आणि मुलांचे 13-13 चे दोन गट करणं यात जातात. गट करताना पहिली-दुसरी एका बाजूला आणि तिसरी-चौथी दुसऱ्या बाजूला असं करू नये, मिसळून करावेत. लहानाला मोठ्याचं बघून येतं. एक गट व्हरांड्यात, एक वर्गात. शिक्षकाने दाराच्या चौकटीत उभं राहायचं. तिथून दोन्हीकडे नजर राहते.

पुढची चार मिनिटं अंग तापवायची. सगळ्यांनी जागेवरच पावलं टाकायची, गुडघा कमरेपर्यंत उचलायचा आणि मध्येच झिम्म्यासारख्या टाळ्या द्यायच्या. एक टाळी स्वतःची, एक समोरच्याची.

इथे एक अडचण येते. छप्पर पत्र्याचं असेल आणि पावसाने जोर धरला, तर शिक्षकाचा आवाज दहा फुटांवर ऐकू जात नाही. ओरडून घसा बसतो. हलगी वाजवावी तर दमट हवेत तिचं चामडं सैल पडतं आणि ती बदबद करते. अशा वेळी स्टीलचं ताट आणि चमचा कामाचा. एक ठोका म्हणजे पुढची कृती, सलग ठोके म्हणजे आहे तिथे थांबा. ही खूण पहिल्या दोन दिवसांत पक्की करून घ्यावी.

आता मुख्य भाग. व्हरांड्यातला गट सूर्यनमस्कार घालेल. इथे मुलांना लांबीच्या दिशेने नाही, रुंदीच्या दिशेने उभं करायचं, तोंड भिंतीकडे. भिंतीपाशी एक फूट आणि बाहेरच्या कडेला एक फूट सोडला तरी मध्ये पाच फूट उरतात, आणि प्राथमिकच्या मुलाला आडवं व्हायला तेवढे पुरतात. प्रत्येकाला लांबीतले अडीच फूट दिले तर 13 मुलांना साडेबत्तीस फूट लागतात, म्हणजे व्हरांड्यात सगळी बसून दारापुरती जागाही राहते. प्रत्येक स्थितीला एक ठोका, दोन सेकंदांच्या अंतराने. दहा स्थितींचा एक नमस्कार वीस सेकंदांत होतो. चार नमस्कार घालायचे आणि चाळीस सेकंद उभं राहून श्वास घ्यायचा, अशा तीन पाळ्या. सहा मिनिटांत बारा नमस्कार होतात. घाईने पंचवीस घालून घेण्यापेक्षा हे बरे, कारण घाईत मुलं कंबर खाली पाडतात आणि हात वाकवतच नाहीत.

त्याच सहा मिनिटांत वर्गातला गट पिशव्या झेलेल. मुलं समोरासमोर दोन ओळींत, चार फुटांच्या अंतराने. तेरा मुलांत पाच जोड्या आणि तिघांचा एक गट होतो. पिशवी खालून वर, समोरच्याच्या छातीच्या उंचीला टाकायची. दहा झेल लागोपाठ झाले की दोघांनी एकेक पाऊल मागे सरकायचं. पिशवी पडली तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. हे जमायला लागलं की डाव्या हाताने, मग हवेत असताना एक टाळी वाजवून झेलायची. पहिलीतल्या ज्या मुलाला समोरच्याचा झेल येत नाही, त्याने स्वतःच डोक्याइतकी वर टाकून दोन्ही हातांनी धरायची. सहा मिनिटांनी गटांनी जागा बदलायची.

बारा मिनिटांनंतर दोन मिनिटं विसावा, आणि त्यात नाडी मोजायची. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून 15 सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजायचं आणि चारने गुणायचं. शिक्षकाने घड्याळ बघून सुरुवात आणि शेवट सांगायचा. धड्याआधी बसलेलं असताना मोजून वहीत लिहिलं असेल तर फरक मुलालाच दिसतो. बसल्यावर 22 आणि आता 33 आले, म्हणजे मिनिटाला 88 वरून 132. चौथीच्या मुलाचा हा गुणाकाराचा सरावही झाला. लहानांना नाडी सापडत नाही, त्यांनी छातीवर हात ठेवून नुसतं जाणून घ्यावं.

घागर डोक्यावर, तशी पिशवी

उरलेल्या दहा मिनिटांचे पाच-पाच मिनिटांचे दोन भाग करायचे. व्हरांड्यातला गट आता रेघेवरून चालेल, डोक्यावर चिंचोक्याची पिशवी घेऊन. चौकोनाची फेरी 66 फुटांची आहे. मुलांमध्ये पाच-पाच फूट अंतर ठेवलं तर तेराच्या तेरा मुलं एकाच वेळी रेघेवर मावतात. सगळी एकाच दिशेने चालणार, कुणी पाळीची वाट बघणार नाही. आणि डोक्यावर पिशवी असल्यामुळे पळायची सोयच नाही, पळाला की पिशवी पडली. "पळू नका" हे शिक्षकाला सांगावं लागत नाही, ते काम पिशवी करते.

ताटाचा सलग ठोका झाला की सगळ्यांनी जागेवर एका पायावर थांबायचं. पुढच्या वेळी दुसऱ्या पायावर. मग टाच आणि चवडा जोडून चालायचं, मग मागे न बघता उलटं चालायचं. उलटं चालताना अंतर कमी होतं म्हणून तेव्हा निम्मी मुलं भिंतीशी बसून बघतील, हा एवढाच अपवाद.

वर्गातल्या गटाकडे तेव्हा पिशव्या नसतात. त्यांनी बसफुगडी आणि जागेवरची लंगडी घ्यायची. बसफुगडीत उकिडवं बसून, हात गुडघ्यांवर ठेवून, उड्या मारत एकेक पाय पुढे टाकायचा असतो. वीस सेकंद खेळायची आणि तेवढाच वेळ उभं राहायचं. मोठ्या माणसालाही हे पेलत नाही, करून बघा. श्रावणात बायका-मुली झिम्मा, फुगडी, पिंगा खेळतात ते बाहेर पाऊस असताना, माजघरात नाही तर सोप्यात. कमी जागेत दम काढणारे हे खेळ आपल्या घरात आधीपासून आहेत. गावातल्या एखाद्या आजीला पंचमीच्या आठवड्यात शाळेत बोलावलं तर ती गुरुजींपेक्षा चांगलं शिकवेल. मात्र हात धरून गरगर फिरायची उभी फुगडी व्हरांड्यात नको. ओल्या हातांची पकड सुटली की मूल पाठीमागे फेकलं जातं, आणि मागे खांब नाही तर पायरी असते. आणि हे खेळ मुलींचे म्हणून मुलगे बाजूला बसले तर निम्मा वर्ग पुन्हा रिकामा. बसफुगडीत कोण जास्त टिकतो ते एकदा मोजा, मग मुलगे आपोआप येतात.

शेवटची तीन मिनिटं मांडी घालून बसायचं आणि संथ श्वास घ्यायचा. घाम पुसायचा. सगळा हिशेब केला तर चार अधिक बारा अधिक दहा, म्हणजे 26 मिनिटं मूल कामात राहिलं. मधे दम खायचा वेळ वजा केला तरी, रांगेच्या खेळात तेवढ्याच वेळात दोनच मिनिटं मिळत होती हे लक्षात घ्या.

कुठे थांबायचं

मूल जोरात श्वास घेत असताना एक पूर्ण वाक्य बोलू शकलं पाहिजे. बोलताच येत नसेल तर जास्त झालं. दम्याची किंवा बाळदम्याची मुलं दमट हवेत लवकर खोकायला लागतात. छातीत घरघर ऐकू आली की त्या मुलाला मोकळ्या हवेच्या बाजूला ताठ बसवायचं, त्याची पाळी तिथेच संपली, आणि घरी कळवायचं. शाळेचा पोषण आहार झाल्यावर लगेच हा तास ठेवू नये. जेवणाच्या आधीचा तास सगळ्यांत बरा, नाही तर मध्ये तासभर जाऊ द्यावा.

विजा कडाडत असतील तर व्हरांडा सोडून सगळ्यांनी वर्गात यायचं. लोखंडी ग्रिल, गज आणि खांब यांना हात लावू द्यायचा नाही. भिंतीला ओल असेल तर विजेच्या बोर्डापासून मुलांना नेहमीच हातभर लांब ठेवावं, आणि बोर्डाला चटका बसतो अशी तक्रार असेल तर ती बाजू वापरायचीच नाही.

आणि एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. व्हरांडा मैदानाची जागा घेत नाही. लांब पळण्याचा दम, कबड्डीची चढाई, खो-खोतला पाठलाग हे उघडीप झाल्यावर मैदानावरच होणार. पण पावसाळा सरला की स्पर्धा येतात, आणि तेव्हा पोरांचे पाय जड झालेले असतात. खो-खोतली एक गोष्ट तेवढी व्हरांड्यात जमते. आठ मुलं तीन-तीन फुटांवर एकाआड एक उलट्या तोंडाने उकिडवी बसवायची. नवव्याने चालत जाऊन पाठीवर तळवा टेकवत "खो" द्यायचा, बसलेल्याने उठून दोनच पावलं टाकायची, आणि देणाऱ्याने त्याच्या जागी बसायचं. पळणं नाही, पण खो ऐकून उठण्याची चपळाई राहते. तिसरी-चौथीला आठवड्यातून एकदा हे घ्यावं.

मुलं सुधारतात की नाही हे कळायला भिंतीवर एक तक्ता पुरतो. दर शनिवारी तीनच नोंदी घ्यायच्या. एका पायावर किती सेकंद उभा राहिला, दहा झेलांतले किती धरले, आणि जागेवर लंगडीच्या सलग किती उड्या झाल्या. नोंद मुलाच्या मागच्या आठवड्याशी ताडायची, शेजारच्या मुलाशी नाही. दोन-तीन आठवडे आकडा हललाच नाही तर कृती सोपी करून द्यावी. सगळ्यांचेच आकडे एका आठवड्यात घसरले तर पोरांना दोष देण्याआधी फरशी बघा, ओली असणार.

लागणारं सामान म्हणजे ताडपत्रीचा पडदा, खांबांना पोती, चौदा पिशव्या आणि डबाभर रंग. शाळा व्यवस्थापन समितीच्या एका बैठकीत हे ठरवून टाकता येतं. पिशव्या शिवायला गावात शिलाई मशीन असतंच, आणि चिंचोके तर कुणाच्याही घरी निघतील. पडदा आणि पिशव्या पावसातही करता येतात. रेघांसाठी मात्र दोन दिवसांची उघडीप लागेल. तोवर सूर्यनमस्कार आणि झेलाचा धडा रेघांशिवाय उद्यापासूनही सुरू होतो.